गॉगल विकणाऱ्या बाई

रविवारी सकाळी सव्वासातला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. "बाई, राग मानू नका, पण तुम्ही गॉगलचा धंदा सुरू केलात का?" मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवण्या घेतेस का, असं पुष्कळांनी विचारलं होतं, पण गॉगलचं कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला लिहिलं, "नाही रे, का?" त्याने माझ्याच फेसबुक प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. सगळ्यात वर माझं नाव आणि फोटो, आणि खाली एकाखाली एक गॉगलच गॉगल. नव्वद टक्के सूट, आजचा शेवटचा दिवस, इथे दाबा. मध्येच एका पोस्टमध्ये कुठल्यातरी बाईचा धूसर फोटो आणि 'या व्हिडिओत तुम्हीच आहात ना?' असा प्रश्न.

माझी पहिली प्रतिक्रिया तीच, जी अशा वेळी सगळ्यांची होते. हॅक झालं! मी घाईघाईने पासवर्ड बदलला, नवा एका कागदावर लिहून ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला. दहा मिनिटांनी प्रोफाइल पुन्हा उघडलं तर गॉगल होते तिथेच, आणि एक नवीन भर पडली होती.

मग बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो कंप्युटरवाला नाही, औषधांच्या कंपनीत हिशेब बघतो, पण या गोष्टीत त्याचं डोकं चालतं. त्याने पहिलं विचारलं, "मावशी, पोस्टच्या वर नाव कुणाचं आहे? तुझं की दुसऱ्याच कुणाचं?" मी नीट पाहिलं. वर कुणा परक्या माणसाचं नाव, पुढे with, मग माझं नाव आणि and 48 others. म्हणजे पोस्ट मी टाकली नव्हती. दुसऱ्याने टाकली होती आणि तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. "मग तू हॅक झालेली नाहीस," तो म्हणाला. "तुला टॅग केलंय. त्याला तुझा पासवर्ड लागत नाही."

सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच, कारण माझी अर्धी सकाळ या गोंधळात गेली. कर्ता कोण, हे पोस्टच्या वरच्या ओळीत दिसतं. तिथे एकटं तुमचं नाव असेल आणि ती पोस्ट तुम्ही टाकलेली नसेल, तर खात्यात कुणी शिरलंय, आणि मग पासवर्ड बदलणं, कुठकुठल्या यंत्रांवर खातं उघडं आहे ते बघणं, हे सगळं आलं. तरी भाच्याने ते बघायला लावलंच. Accounts Center मधल्या Password and security मध्ये Where you're logged in अशी यादी असते. तिच्यात माझा फोन आणि माझा लॅपटॉप, एवढंच होतं. पासवर्ड बदलल्याचं नुकसान काही नाही, पण त्याने गॉगल हटणार नव्हते. कुलूप नवीन बसवलं, पण पत्रकं तर दाराबाहेरच्या भिंतीवर चिकटवलेली होती.

मग मोजणी केली. सवय जात नाही. रात्री अकरा ते सकाळी आठ या वेळात मला 47 पोस्टमध्ये टॅग केलं होतं, आणि त्या पोस्ट टाकणारी खाती होती फक्त 11. एकाच खात्यावरून पाच-सहा पोस्ट, दर काही मिनिटांनी एक. चित्र तेच, फक्त बरोबरच्या माणसांची यादी वेगळी. एका फोटोत पन्नास जणांना टॅग करता येतं, म्हणून बहुतेक पोस्टवर 49 किंवा 50 नावं ठासून भरलेली. एक फोटो टाकला की पन्नास प्रोफाइलवर फुकटात जाहिरात, आणि त्या पन्नास जणांच्या ओळखीपाळखीच्या माणसांसमोरही. ज्याने टॅग केलंय त्याला माझ्याशी काहीच देणंघेणं नाही. त्याला हवी आहेत ती माझ्या प्रोफाइलवर येणारी माणसं. माझ्या यादीत नऊशेच्या आसपास लोक, त्यातले बहुतेक विद्यार्थी. बाईंच्या प्रोफाइलवर आहे म्हणजे बरंच असेल, असं समजून त्यातल्या एकाने जरी दाबलं, तरी त्याचं काम झालं.

अकरातल्या तीन खात्यांचे फोटो आणि जुन्या पोस्ट पाहिल्या तर ती खरी, साधी माणसं वाटली. लग्नाचे फोटो, नातवाचे फोटो, आणि मग अचानक काल रात्रीपासून गॉगल. त्यांची खाती कुणीतरी बळकावली होती. उरलेली आठ बहुधा याच कामासाठी उघडलेली. फोटो एकच, मित्र नाहीत, आधीची पोस्ट नाही.

त्या सकाळी मी दुसरीही एक चूक केली. एका पोस्टखाली जाऊन मी कडक शब्दांत लिहिलं की माझं नाव ताबडतोब काढा, अन्यथा तक्रार करीन. माझ्याआधी तिथे सतरा जणांनी हेच लिहिलेलं होतं. कुणी विनवणी केली होती, कुणी शिव्या दिल्या होत्या, एका गृहस्थांनी तर किंमत विचारली होती. मी लिहिल्यावर दोन मिनिटांत फोन सारखा वाजायला लागला. त्या पोस्टखाली कॉमेंट केलेल्या प्रत्येकाला नव्या कॉमेंटची सूचना जाते, आणि आता त्या सूचना मलाही यायला लागल्या. एकोणपन्नास अनोळखी माणसं एका खोलीत कोंडलेली आणि प्रत्येक जण ओरडतोय, "मला बाहेर काढा!" ज्याने कोंडलं तो मात्र तिथे नाही, तो वाचतही नाही. वर माझ्या कॉमेंटमुळे ती पोस्ट आणखी काही जणांसमोर गेली असणार, ते वेगळंच. मी कॉमेंट पुसली. भाच्याने कपाळाला हात लावला असावा, फोनवर ते दिसत नाही.

"आता सेटिंगमध्ये जा," तो म्हणाला. त्याला बाहेर जायचं होतं म्हणून त्याने घाईत सांगितलं: Settings & privacy, मग Settings, मग Profile and tagging, तिथे Review चालू कर. मी गेले, Review शोधलं, चालू केलं. बटण निळं झालं. काम झालं असं समजून मी दिवसभराच्या कामाला लागले.

सोमवारी सकाळी प्रोफाइलवर पाच नवे गॉगल.

आता मला खरंच वाटलं की हे बटण नुसतं शोभेचं आहे. भाच्याला पुन्हा फोन. या वेळी त्याने मला ती ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली: Review tags people add to your posts before the tags appear on Facebook? तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, चुकीचं बटण. त्याच्या वरची ओळ वाच." वरची ओळ होती: Review posts you're tagged in before the post appears on your profile?

दोन्ही ओळी एकाच चौकटीत, एकमेकींना लागून, आणि दोन्हींची सुरुवात Review ने. वर्गात मी मुलांना 'प्रश्न दोनदा वाचा' हे किती वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण या दोन वाक्यांत फरक काय, तो आता मला तोंडपाठ आहे. खालच्या ओळीत पोस्ट माझी असते. मी एक सामूहिक फोटो टाकला आणि कुणीतरी येऊन त्यात आणखी कुणाचं नाव जोडलं, तर ते जोडण्याआधी मला विचारा, असा तिचा अर्थ. वरच्या ओळीत पोस्ट दुसऱ्याची असते. त्यात मला टॅग केलं, तर ती माझ्या प्रोफाइलवर लावण्याआधी मला विचारा. मला छळणाऱ्या पोस्ट दुसऱ्यांच्या होत्या, म्हणून खालचं बटण हजार वेळा चालू केलं तरी त्यांच्यावर काहीच परिणाम होणार नव्हता. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेवटचा शब्द. profile ने संपणारी ओळ आपल्याला हवी. ज्यांचा फोन मराठीत आहे त्यांना तिथे मराठी वाक्यं दिसतील, पण त्यांनीही तेच शोधायचं: पोस्ट कुणाची, माझी की दुसऱ्याची.

ही सोय फेसबुकवर 2011 पासून आहे, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझं खातं जवळजवळ जितकं जुनं, तितकीच ती जुनी. पण गरज पडल्याशिवाय त्या पानावर जातो कोण?

वरचं बटण चालू केलं. भाचा म्हणाला, असं सोडायचं नाही, तपासून बघू. त्याने स्वतःच्या खात्यावरून एका तुटक्या चपलेचा फोटो टाकला आणि त्यात मला टॅग केलं. माझ्या फोनवर सूचना आली, पण नेहमीसारखी नाही. ही पोस्ट तपासा, अशा अर्थाची. उघडल्यावर दोन पर्याय होते: Add to profile आणि Hide. मी कशालाच हात लावला नाही. मग त्याने त्याच्या फोनवरून माझं प्रोफाइल उघडलं. चप्पल तिथे नव्हती. मी म्हटलं, "मी काहीच केलं नाही तर?" तर काही होत नाही, ती पोस्ट रांगेत पडून राहते. होकार मिळेपर्यंत प्रोफाइलवर येत नाही. हे मला फार आवडलं. रोज उठून पन्नास गोष्टींना नकार द्यावा लागणार असता, तर ती वेगळीच शिक्षा झाली असती.

स्वतः तपासायचं असेल तर आणखी एक मार्ग आहे. आपल्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत View as असतं. ते दाबलं की आपलं प्रोफाइल परक्या माणसाला कसं दिसतं ते आपल्याला दिसतं. मालकाला स्वतःच्या घराचा दर्शनी भाग कधी नीट दिसत नाही, तो रस्त्यावर जाऊन बघावा लागतो, तसं. मी बघितलं आणि तोंड कडू झालं. नवीन काही येणार नव्हतं, पण जुने बावन्न गॉगल जिथल्या तिथे होते.

इथे बटणाची पहिली मर्यादा समजली. ते चालू केल्यानंतर जे येईल त्यालाच अडवतं. आधी जे आत आलंय, ते आतच राहतं. ते हाताने काढावं लागतं. पण त्याआधी तात्पुरता पडदा टाकायची एक सोय त्याच पानावर सापडली: Who can see posts you're tagged in on your profile? माझ्याकडे तिथे Friends होतं. ते मी Only me केलं, आणि एका झटक्यात नऊशे जणांना माझ्या प्रोफाइलवरचे गॉगल दिसेनासे झाले, जुनेसुद्धा. मला दिसत होते, पण मला त्यांची लाज वाटायचं कारण नव्हतं. माझ्या मते कुणावर अशी वेळ आली तर सगळ्यात आधी हे करावं, मग वरचं रिव्ह्यू, आणि मग सावकाश चहा घेत साफसफाई. मी सगळं उलट्या क्रमाने केलं.

साफसफाईला मी Hide पासून सुरुवात केली. प्रत्येक पोस्ट उघडायची, प्रोफाइलवरून लपवायची. दहा-बारा झाल्यावर भाच्याला म्हटलं, बघ बरं आता. त्याने त्या अकरातल्या एका खात्यावर जाऊन पाहिलं. पोस्ट होती, आणि तिच्यावर माझं नाव ठळकपणे होतं. नावावर दाबलं की थेट माझ्या प्रोफाइलवर. मी चिडलेच. "अरे, मग लपवलं काय?"

या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट मला त्या क्षणी कळली. रिव्ह्यू आणि Hide या दोन्ही गोष्टी फक्त माझ्या प्रोफाइलच्या दारावर उभ्या आहेत. ती पोस्ट माझ्या घरात येऊ द्यायची की नाही, एवढंच त्या ठरवतात. पोस्ट ज्याची आहे त्याच्या घरात ती तशीच असते, माझ्या नावासकट. लोकांच्या फीडमध्ये, शोधात, इतर टॅग केलेल्यांच्या प्रोफाइलवर ती दिसू शकते. मी होकार दिला नाही म्हणून टॅग पुसला जात नाही. रांगेत पडून राहिलेली पोस्टसुद्धा बाहेरच्या जगात माझं नाव मिरवतच असते. टॅग पुसायचा तर Remove tag हेच करावं लागतं. पोस्टच्या तीन टिंबांत ते असतं. ते केलं की त्या पोस्टवरचा माझा धागा तुटतो. पोस्ट मात्र तरीही राहते, कारण ती माझी नाही. ती काढायचा अधिकार टाकणाऱ्याला किंवा फेसबुकला. माझ्या हातात Report, कारण म्हणून Spam, इतकंच.

बावन्न वेळा तीन टिंबं दाबण्यापेक्षा Activity log मध्ये गेलेलं बरं. तिथे Activity you're tagged in या भागात टॅग झालेल्या पोस्ट आणि फोटो एकत्र, तारखेने लावलेले मिळतात, आणि शेजारच्या चौकोनात खुणा करून अनेकांचे टॅग एकदम काढता येतात. मी शनिवार रात्रीपासूनच्या सगळ्या गॉगलांवर खुणा केल्या. एक मात्र सांभाळा: त्याच यादीत माझ्या निरोप समारंभाचे, जुन्या बॅचच्या संमेलनाचे फोटोही होते, आणि सगळं निवडा म्हटलं असतं तर तेही टॅग गेले असते. टॅग परत लावायचा तर ज्याने फोटो टाकला त्यालाच सांगावं लागतं. म्हणून मी हळूहळू, एकेक बघत गेले. वीस मिनिटं लागली.

मग अकरा खाती ब्लॉक करायला घेतली. ब्लॉक केलेला माणूस पुन्हा टॅग करू शकत नाही, तेव्हा ते करण्यासारखं आहेच. पण त्यावर भिस्त ठेवू नये. बळकावलेल्या तीन खात्यांचे मालक बिचारे कधीतरी परत येतील, आणि उरलेली आठ बंद पडली तरी नववं उघडायला वेळ लागत नाही. तसंच झालं. बुधवारी पाच नवी नावं आली. फरक एवढाच की ती दाराबाहेर रांगेत उभी होती.

ब्लॉक करताना माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. एका पोस्टवरची 49 नावं मी सहज वाचत होते आणि ओळखीची नावं लागायला लागली. हा दहावी ब चा, ही स्कॉलरशिपच्या वर्गातली. मोजली तर 31 जण माझेच विद्यार्थी निघाले. म्हणजे ही यादी हवेतून आलेली नव्हती, माझ्याच मित्रयादीतून उचललेली होती. माझी मित्रयादी सगळ्या जगाला उघडी होती. मला ते कधी ठाऊकच नव्हतं. How people find and contact you या पानावर Who can see your friends list? आहे, तिथे Public च्या जागी मी Only me केलं. मुलांना मी त्या दिवशी एकेकाला मेसेज करून सांगितलं, दाबू नका. एकीने उत्तर दिलं, "बाई, मी दाबलं, पण तुमचं नाव होतं म्हणून." तिला लगेच पासवर्ड बदलायला लावला, कारण त्या पानाने तिच्याकडून फेसबुकचा पासवर्ड घेतला होता. गॉगलच्या दुकानाला फेसबुकचा पासवर्ड कशाला हवा, हे तिला तेव्हा सुचलं नाही. मला तरी सुचलं असतं का, सांगता येत नाही.

कारण शुक्रवारी मी स्वतः जवळजवळ फसले होते. त्या दिवशी रांगेत एक वेगळीच पोस्ट होती. चित्रात निळं बोधचिन्ह, पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी मदत विभागासारखं, आणि मजकूर असा की तुमच्या खात्याने नियम मोडले आहेत, चोवीस तासांत खातं बंद होईल, हरकत असेल तर खालच्या दुव्यावर अर्ज करा. आधीच आठवडाभर या प्रकाराने डोकं फिरलेलं. मला वाटलं, गॉगलवाल्यांमुळे माझ्याच खात्यावर कुणीतरी तक्रार केली असणार. बोट दुव्यापर्यंत गेलं. मग वरची ओळ दिसली: with, माझं नाव, and 46 others. सत्तेचाळीस जणांना एकाच पत्रात नोटीस कोण देतं? खरी सूचना ज्याची त्याला, त्याच्या खात्याच्या आत मिळते. कुणाच्या पोस्टमध्ये टॅग करून, चारचौघांत, कधीच येत नाही. तेव्हापासून रांगेतल्या पोस्टमधला कुठलाही दुवा मी उघडत नाही. होकार की नकार हे ठरवायला दुवा उघडावा लागतच नाही, पाठवणारा कोण एवढं पुरतं.

नोटिफिकेशनचा त्रास अजून उरला होता. रिव्ह्यू प्रोफाइल सांभाळतं, फोनची घंटा नाही. टॅग झाला की घंटा वाजणारच. शिवाय आता हे लोक पोस्टऐवजी कॉमेंटमध्ये नाव घ्यायला लागले होते, आणि कॉमेंटमधलं नाव मुळात प्रोफाइलवर येतच नाही, म्हणून रिव्ह्यूचा त्याच्याशी संबंध नाही. त्यावर उपाय Notifications मधल्या Tags मध्ये मिळाला. मला कुणी टॅग केल्यावर सूचना द्यायची, याला तिथे Anyone होतं. ते Friends केलं. आता अनोळखी माणसाने कितीही नावं घेतली तरी फोन गप्प असतो. त्या पोस्ट रांगेत जमत राहतात आणि मी आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळ्यांचे टॅग एकदम काढते.

माझ्या धाकट्या जावेला इन्स्टाग्रामवर हाच त्रास होता, म्हणून तिचंही मीच करून दिलं, आता जाणकार झाल्यामुळे. तिथे Tags and mentions मध्ये मुळातच ठरवता येतं की टॅग कुणी करायचं: सगळ्यांनी, आपण फॉलो करतो त्यांनी, की कुणीच नाही. तिने दुसरा पर्याय घेतला. त्याखाली Manually approve tags आहे, तेही चालू केलं. पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, "ताई, एवढंच होतं?" मी काही बोलले नाही.

या बंदोबस्ताची एक किंमत मात्र मोजावी लागली. तीन आठवड्यांनी माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेचा फोन आला, आवाज जरा ताणलेला. आमच्या शाळेतल्या पहिल्या वर्षाचा, काळा-पांढरा फोटो तिने कुठूनसा शोधून टाकला होता आणि मला टॅग केलं होतं. बाकी चौघींच्या प्रोफाइलवर तो दिसत होता, माझ्या नाही. "तुला आवडला नसेल तर तसं सांगायचं," ती म्हणाली. दार बंद केलं की मैत्रिणींनाही बाहेर थांबावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रिव्ह्यू मैत्रीतला आणि परका असा भेद करत नाही, सगळ्यांनाच रांगेत उभं करतं. मी रांग उघडली, गॉगलच्या ढिगाखाली तो फोटो सापडला. पाच जणी, सगळ्यांच्या दोन वेण्या, मी डावीकडून दुसरी, डोळे मिटलेले. Add to profile दाबलं. आणि टॅग केलेल्या पोस्ट कोण बघू शकेल, ते Only me वरून परत Friends केलं, कारण आता आत जे आहे ते मीच निवडलेलं आहे. त्याशिवाय तो फोटो तिला माझ्या प्रोफाइलवर दिसलाच नसता, आणि दुसरा फोन आला असता.

रविवारच्या रांगेत परवा नऊ पोस्ट होत्या. सात गॉगल, एक घड्याळ. आठांचे टॅग काढले. नववी म्हणजे भाच्याची तुटकी चप्पल. तिला मी अजून होकार दिलेला नाही, आणि नकारही.